हाड मोडलं आणि जखमही झाली : एकाला लगेच रॉड, दुसऱ्याला बाहेरून सळ्या, असं का?

ठाणे / प्रतिनिधी : कल्याण-डोंबिवलीतल्या किंवा ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात फेरी मारली, तर शेजारशेजारच्या खाटांवर असे दोन पेशंट हमखास दिसतात. दोघेही बाईकवरून पडलेले, दोघांचंही नडगीचं हाड मोडलेलं आणि दोघांच्याही पायाला जखम. एकाच्या हाडात त्याच दिवशी रॉड टाकला आणि आठवड्याच्या आत तो वॉकर घेऊन घरी निघाला. दुसऱ्याच्या पायाला मात्र बाहेरून सळ्या लावलेल्या. दोन वेळा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन जखम धुतली, आता म्हणे प्लास्टिक सर्जनला बोलावलंय. साहजिकच नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, त्याला रॉड टाकला, मग आमच्या माणसाला का नाही? आमचं काही चुकतंय का?"

बहुतेक वेळा चूक कुणाचीच नसते. फरक असतो तो जखमेच्या ग्रेडचा. हाड किती तुकड्यांत मोडलं यापेक्षा हाडाभोवतीच्या मांसाचं आणि कातडीचं किती नुकसान झालं, यावर ही ग्रेड ठरते. कोणतं अँटिबायोटिक द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि हाड कशाने धरायचं, हे सगळं त्या ग्रेडवर ठरतं. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ या तालुक्यांतल्या वाचकांनी ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या अपघातात पहिला तास तालुक्यातच जातो आणि त्या तासात केलेल्या किंवा राहून गेलेल्या गोष्टींचा परिणाम पुढचे सहा-आठ महिने दिसत राहतो.

ओपन फ्रॅक्चर म्हणजे काय?

मोडलेल्या हाडाचा बाहेरच्या हवेशी, मातीशी संबंध आला की ते ओपन फ्रॅक्चर. हाड बाहेर आलेलं दिसलंच पाहिजे असं नाही. पुष्कळदा हाडाचं टोक आतून कातडी फोडून क्षणभर बाहेर येतं आणि पाय सरळ केला की पुन्हा आत जातं. मागे राहतं फक्त एक छोटं भोक. म्हणून डॉक्टरांचा साधा नियम असा, की ज्या भागातलं हाड मोडलंय त्याच भागावर जखम असेल, तर तपासणीत उलटं सिद्ध होईपर्यंत ते ओपन फ्रॅक्चरच धरायचं. छोट्या भोकातून काळसर रक्त झिरपत राहिलं आणि त्यावर तेलाच्या तवंगासारखे बारीक थेंब तरंगताना दिसले, तर तो हाडाच्या आतल्या मगजाचा स्निग्धांश असतो. तेव्हा शंकेला जागाच उरत नाही.

नडगीच्या बाबतीत हा प्रकार सर्वात जास्त होतो. त्याचं कारण स्वतःच्याच पायाला हात लावून बघा. मांडीच्या हाडाभोवती चारी बाजूंनी जाड मांस आहे. नडगीच्या पुढच्या बाजूला मात्र कातडी आणि लगेच हाड. त्यामुळे थोड्या मारानेही हाड उघडं पडतं.

आता मांसाला एवढं महत्त्व का? हाड जिवंत असतं आणि त्याला रक्त लागतं. ते रक्त काही हाडाच्या आतून येतं, तर काही बाहेरून, म्हणजे हाडाला चिकटलेल्या पातळ आवरणातून आणि आजूबाजूच्या स्नायूंतून. हाड मोडलं की आतला रक्तपुरवठा तुटतो. मग सगळी भिस्त बाहेरच्या रक्तावर असते. मांस चिरडलं आणि आवरण सोलून निघालं, तर तेही बंद. रक्त नाही म्हणजे शिरेतून दिलेलं औषध तिथे पोचत नाही, जंतूंशी लढणाऱ्या पेशीही पोचत नाहीत आणि हाडही जुळत नाही. म्हणून डॉक्टर आधी मांसाकडे बघतात.

तीन ग्रेड, आणि तिसरीचे तीन भाग

ही पद्धत अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या रॅमोन गस्टिलो आणि जॉन अँडरसन या दोन डॉक्टरांनी १९७६ साली मांडली. गस्टिलो मूळचे फिलिपिन्सचे. एक हजारावर ओपन फ्रॅक्चरचा अभ्यास करून त्यांनी तीन ग्रेड केल्या. पुढे लक्षात आलं, की तिसऱ्या ग्रेडमध्ये फारच वेगवेगळे पेशंट एकत्र पडतात. म्हणून १९८४ साली गस्टिलो आणि सहकाऱ्यांनी तिचे ए, बी आणि सी असे भाग केले. आजही आपल्याकडच्या केस पेपरवर 'ग्रेड टू' किंवा 'थ्री बी' असं लिहिलेलं दिसतं ते हेच.

पहिली ग्रेड म्हणजे जखम एक सेंटिमीटरपेक्षा छोटी, साधारण करंगळीच्या नखाएवढी, स्वच्छ, आणि आत मांसाचं नुकसान अगदी कमी.

दुसरी ग्रेड म्हणजे जखम एक सेंटिमीटरपेक्षा मोठी, पण मांस फारसं चिरडलेलं नाही आणि कातडी सोलून निघालेली नाही.

तिसरी ग्रेड म्हणजे जोराचा मार. जखम बहुधा दहा सेंटिमीटरच्या वर, मांस चिरडलेलं, हाडाचे बरेच तुकडे. यातही 'ए' म्हणजे नुकसान मोठं असलं तरी उरलेल्या मांसाने आणि कातडीने हाड झाकता येतं. 'बी' म्हणजे हाडावरचं आवरण सोललं गेलंय, हाड उघडं आहे आणि ते झाकायला दुसरीकडून मांस आणावं लागणार आहे. 'सी' म्हणजे पायाची मुख्य रक्तवाहिनी तुटलीय आणि ती जोडली नाही तर पाय वाचणार नाही. 'सी' ठरवताना जखमेची लांबी बघत नाहीत. जखम लहान असली तरी अशी रक्तवाहिनी तुटली असेल तर ती 'सी'च.

इथेच बहुतेकांची फसगत होते. सेंटिमीटरचे आकडे सोपे, म्हणून लोक जखम मोजतात. पण ग्रेड फक्त लांबीवर ठरत नाही. ट्रकचं चाक पायावरून गेलं, हाड दोन ठिकाणी मोडून मधला तुकडा सुटा झाला, किंवा जखमेत शेतातली, गोठ्यातली, गटारातली घाण गेली, तर भोक छोटं दिसलं तरी ती जखम तिसऱ्या ग्रेडचीच समजली जाते. आतलं नुकसान कातडीवरून कळत नाही. म्हणूनच खरी ग्रेड रस्त्यावर किंवा कॅज्युअल्टीत ठरत नाही. ती ठरते थिएटरमध्ये, जखम उघडून आणि धुऊन झाल्यावर. आधी कुणी 'ग्रेड टू' म्हणालं आणि ऑपरेशननंतर 'थ्री बी' सांगितलं, तर डॉक्टरांनी शब्द फिरवला असं समजू नका.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. १९९४ साली अमेरिकेत दोनशेहून अधिक हाडांच्या सर्जनना त्याच जखमांचे व्हिडिओ दाखवून ग्रेड विचारली, तर सरासरी साठ टक्केच एकमत झालं. म्हणजे दोन चांगल्या डॉक्टरांची ग्रेड एका पायरीने वेगळी असू शकते. शंका असेल तेव्हा वरची ग्रेड धरून चालणं सुरक्षित.

ग्रेड चढते तसा धोका चढतो

या ग्रेडचा मूळ उपयोग एकच, जखमेत पू होण्याचा अंदाज घेणं. पहिल्या ग्रेडमध्ये शंभरातल्या दोघांपेक्षा जास्त जणांना सहसा इन्फेक्शन होत नाही. दुसऱ्या ग्रेडमध्ये ते शंभरात दहापर्यंत जातं. तिसऱ्या ग्रेडमध्ये दहापासून थेट पन्नासपर्यंत. गस्टिलोंच्या १९८४ च्या अभ्यासात 'थ्री ए'चं इन्फेक्शन चार टक्के होतं, तर 'थ्री बी'चं बावन्न. एका पायरीत एवढा फरक, आणि तोही केवळ हाड झाकायला मांस उरलं की नाही यावर. हाडात गेलेला पू लवकर निघत नाही. वारंवार ऑपरेशन, न जुळणारं हाड आणि काही वेळा पाय कापणं, इथपर्यंत गोष्ट जाते.

पहिलं इंजेक्शन : एका तासाच्या आत

सगळ्या ग्रेडना लागू असलेली पहिली गोष्ट म्हणजे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक, शक्यतो अपघातापासून एका तासाच्या आत. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी तुलना केली होती. अँटिबायोटिक न दिलेल्या गटात शंभरात जवळपास चौदा जणांना इन्फेक्शन झालं. त्या काळचं सेफॅलोस्पोरिन दिलेल्या गटात ते दोन-तीनवर आलं. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. औषधाला तीन तासांहून जास्त उशीर झाला की इन्फेक्शन वाढतं.

तालुक्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? सरळगाव किंवा टोकावड्याहून कल्याणला, किंवा कसाऱ्याहून ठाण्याला पोचेपर्यंत तो तास संपलेला असतो. म्हणून मोठ्या रुग्णालयात गेल्यावरच इंजेक्शन मिळेल असं धरून चालू नये. वाटेतल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दहा मिनिटं थांबून सलाईनची सुई, अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पुढे जाणं केव्हाही चांगलं. तिथे हाडाचा डॉक्टर नसला तरी या तीन गोष्टींना त्याची गरज नसते. इंजेक्शनऐवजी मेडिकलमधून आणलेली गोळी घेणं हा पर्याय नाही. अपघाताच्या धक्क्यात पोटातून औषध नीट शोषलं जात नाही आणि जखमेपर्यंत पुरेसं पोचत नाही.

कोणतं औषध, हे ग्रेडवर ठरतं. पहिल्या आणि दुसऱ्या ग्रेडमध्ये मुख्य शत्रू म्हणजे आपल्याच कातडीवर राहणारे जंतू. त्यांच्यासाठी सेफॅझोलिन हे जुनं, खात्रीचं औषध पुरतं. मोठ्या माणसाला साधारण दोन ग्रॅम शिरेतून आणि पुढे दर आठ तासांनी. जखम शिवून झाल्यावर चोवीस तासांत ते थांबवतात.

तिसऱ्या ग्रेडमध्ये चिरडलेलं मांस असतं आणि तिथे पाण्यातले, आतड्यातले वेगळ्या जातीचे जंतूही वाढतात. म्हणून त्यांना मारणारं दुसरं औषध जोडतात, जसं जेंटामायसिन. काही ठिकाणी त्याऐवजी सेफ्ट्रायॅक्सोन वापरतात. जेंटामायसिन किडनीवर ताण टाकतं, म्हणून पेशंटला आधीपासून किडनीचा त्रास असेल तर ते आठवणीने सांगावं. जखमेत शेतातली माती, शेण किंवा गटाराचं पाणी गेलं असेल, तर पेनिसिलिनही जोडतात. मातीत असा एक जंतू असतो जो हवा नसलेल्या जागी, म्हणजे मेलेल्या मांसात, झपाट्याने वाढतो आणि गॅस गँगरीन करतो. काही तासांत पाय सुजून काळा पडतो, दाबला तर कुरकुर असा आवाज येतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही पहिल्याच डॉक्टरला सांगा.

आता एक उलटी गोष्ट. "आमच्या माणसाला पंधरा दिवस भारी अँटिबायोटिक द्या," असा आग्रह नातेवाईक धरतात. तिसऱ्या ग्रेडमध्येही नुसत्या बचावासाठीचं औषध साधारण तीन दिवस किंवा हाड मांसाने झाकून झाल्यावर चोवीस तास, इतकंच चालतं. त्यापुढे दिल्याने इन्फेक्शन कमी होत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. पू झालाच, तर ती वेगळी लढाई. तेव्हा जंतूची तपासणी करून औषध बदलतात आणि ते लांबही चालतं.

जखम धुणं : खरं ऑपरेशन हेच

मेलेलं मांस आणि माती आत राहिली तर कितीही भारी औषध हरतं. म्हणून थिएटरमध्ये जखम मोठी करून उघडतात. लहान भोक मुद्दाम मोठं केलेलं बघून घाबरू नका. आत काय आहे ते दिसल्याशिवाय साफ करता येत नाही. मांस जिवंत आहे की मेलंय हे सर्जन चार गोष्टींवरून बघतात. त्याचा रंग लाल आहे की काळपट, ते घट्ट आहे की लिबलिबीत, चिमट्याने धरल्यावर आकसतं का, आणि कापल्यावर रक्त येतं का. मेलेलं मांस आणि सुटे पडलेले हाडाचे तुकडे काढून टाकतात. मग साध्या सलाईनने, फार जोर न लावता धुतात. पहिल्या ग्रेडला साधारण तीन लिटर, दुसरीला सहा, तिसरीला नऊ किंवा जास्त.

हे ऑपरेशन कधी व्हायला हवं? सहा तासांच्या आत, असं पूर्वी शिकवलं जायचं. आता समजतं, की पहिलं इंजेक्शन वेळेत मिळालं असेल तर स्वच्छ, कमी माराच्या जखमेला चोवीस तासांपर्यंत थांबता येतं. रात्री दोन वाजता थकलेल्या टीमपेक्षा सकाळची पूर्ण टीम बरी. पण शेतातली किंवा गटारातली घाण असेल, किंवा पाय थंड पडून नाडी लागत नसेल, तर थांबायचं नाही.

हाड धरायचं कशाने?

हाड हलत राहिलं तर जखमेतलं मांस रोज नव्याने दुखावतं. म्हणून पहिल्याच ऑपरेशनमध्ये हाड स्थिर करतात. प्रश्न असतो कशाने.

पहिली, दुसरी आणि बऱ्याचदा 'थ्री ए' ग्रेड असेल, जखम नीट साफ झाली असेल आणि झाकता येत असेल, तर नडगीच्या आत रॉड टाकतात. रॉड हाडाच्या पोकळीत बसतो, वर-खाली स्क्रू लावतात, आणि पेशंट लवकर उभा राहतो.

'थ्री बी' मध्ये हाड उघडं असतं आणि जखम खरोखर साफ झालीय की नाही याची खात्री पहिल्या दिवशी देता येत नाही. अशा वेळी आत धातू ठेवणं म्हणजे जंतूंना बसायला जागा देणं. म्हणून जखमेपासून लांब, चांगल्या कातडीतून हाडात पिना घालतात आणि त्या बाहेरून सळ्यांनी जोडतात. याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. अर्ध्या-पाऊण तासात हाड धरलं जातं आणि जखम रोज बघता येते. मग अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा थिएटरमध्ये नेऊन राहिलेलं मेलेलं मांस काढतात. जखम साफ दिसली की प्लास्टिक सर्जन पोटरीचा किंवा दुसरीकडचा स्नायू फिरवून हाड झाकतात. हा फ्लॅप शक्यतो तीन दिवसांत, फार तर आठवड्याच्या आत व्हावा. हाड जितके दिवस उघडं, तितका ते वाळण्याचा आणि रुग्णालयातल्या जंतूंचा धोका जास्त. पिनांच्या भोकांतून पू नसेल, तर साधारण दोन आठवड्यांच्या आत फिक्सेटर काढून रॉड टाकता येतो. काही जणांचं हाड रिंग फिक्सेटरवरच जुळवतात.

'थ्री सी'मध्ये घड्याळ वेगळं चालतं. रक्त नसलेलं मांस साधारण सहा तासांत मरायला लागतं. तिथे फिक्सेटर झटपट लावून लगेच रक्तवाहिनी जोडतात. हे करणारा सर्जन जिथे आहे तिथेच पेशंट थेट गेला पाहिजे. तीन रुग्णालयं फिरण्यात सहा तास सहज संपतात.

पाय वाचवायचा की कापायचा, हा प्रश्न 'बी' आणि 'सी' दोन्हींत येऊ शकतो. गस्टिलोंची ग्रेड त्याचं उत्तर देत नाही. आपल्या देशात कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलचे डॉ. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी यासाठी गुण देण्याची पद्धत तयार केली. ती रक्तवाहिनी शाबूत असलेल्या तिसऱ्या ग्रेडच्या जखमांसाठी आहे. कातडी, हाड आणि स्नायू यांचं नुकसान आणि पेशंटचे इतर आजार मिळून गुण मोजतात. चौदा किंवा कमी असतील तर पाय वाचवण्याचा प्रयत्न, सतरा किंवा जास्त असतील तर बहुधा कापणं, आणि मधल्या गुणांना अनुभवी डॉक्टरांचा निर्णय.

एक उदाहरण, घड्याळ लावून

समजा, जुलै महिना आहे. मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे, संध्याकाळी सहाला एक तरुण बाईकवरून घसरतो आणि रस्त्याकडेच्या भातखाचरात पडतो. नडगीवर चार सेंटिमीटरची जखम, चिखलाने भरलेली. पाय वाकडा, पण बोटं गरम आहेत आणि हलतायत.

सोबतचा मित्र १०८ ला फोन लावतो. रुग्णवाहिका येईपर्यंत तो जखमेचा मोबाईलवर एक फोटो काढतो, वर स्वच्छ कापड ठेवून हलक्या हाताने गुंडाळतो आणि पायाच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या बांधतो. सहा पन्नासला ग्रामीण रुग्णालयात सलाईन, सेफॅझोलिन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. पहिल्या तासातली मोठी लढाई इथे जिंकली. केस पेपरवर लिहितात, 'चार सेंटिमीटर जखम, चिखल, नाडी लागते'.

नऊ वाजता शहरातल्या रुग्णालयात. जखम चार सेंटिमीटरची, म्हणजे नुसती टेप लावली तर दुसरी ग्रेड. पण भातखाचराचा चिखल बघून डॉक्टर ती तिसरी धरतात. जेंटामायसिन आणि पेनिसिलिन जोडतात आणि सकाळपर्यंत न थांबता रात्रीच थिएटरमध्ये घेतात. जखम उघडल्यावर दिसतं, की कातडीखाली स्नायू फाटलाय, पाच-सहा सेंटिमीटर हाडावरचं आवरण सोलून निघालंय आणि हाडाच्या पोकळीत माती शिरलीय. आता पक्की ग्रेड 'थ्री बी'. नऊ लिटर सलाईनने धुतात, बाहेरून फिक्सेटर लावतात, पोकळ जागेत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे मणी ठेवतात. जखम शिवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पुन्हा धुतात. थोडं काळपट मांस निघतं, बाकी लाल आणि रक्त येणारं. पाचव्या दिवशी प्लास्टिक सर्जन पोटरीतला एक स्नायू पुढे फिरवून हाड झाकतात आणि वर मांडीची कातडी लावतात. दुसऱ्या दिवशी बचावाचं अँटिबायोटिक बंद. बाराव्या दिवशी पिनांची भोकं कोरडी आहेत, फ्लॅप जिवंत आहे. फिक्सेटर काढून रॉड. यापुढे हाड जुळायला सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्त. मध्ये हाडाची भर घालण्याचं ऑपरेशनही लागू शकतं.

शेजारच्या खाटेवरचा मुलगा त्याच आठवड्यात आला होता. डांबरी रस्त्यावर पडलेला, जखम दोन सेंटिमीटरची आणि स्वच्छ. दुसरी ग्रेड. सेफॅझोलिन, सहा लिटर सलाईन, रॉड, टाके, आणि चोवीस तासांनी औषध बंद. हाड दोघांचं सारखंच मोडलं होतं. फरक होता तो मांसात आणि मातीत.

तुमच्या हातात काय आहे?

जखमेवर हळद, चुना, कॉफी पावडर, माती काहीही भरू नका. ते सगळं नंतर मांसासकट खरवडून काढावं लागतं. बाहेर दिसणारं हाड आत ढकलू नका. हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधून घेऊ नका. बंद फ्रॅक्चरमध्ये एकवेळ निभावून जाईल, ओपनमध्ये घट्ट पट्टीखाली मांस कुजतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने त्याच जागी दाबून धरा.

मोबाईलचा फोटो आठवणीने काढा. तो फोटो दाखवला की प्रत्येक ठिकाणी पट्टी सोडून बघायची गरज पडत नाही. दर वेळी पट्टी सोडली की नवे जंतू आत जातात. फोटो डॉक्टरांसाठी आहे, गावच्या ग्रुपवर टाकायला नाही. अपघाताची वेळ आणि पहिल्या इंजेक्शनची वेळ कागदावर लिहून पेशंटसोबत द्या.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. ग्रेड कोणती? रक्तवाहिनी ठीक आहे का? हाड झाकायला फ्लॅप लागणार असेल तर प्लास्टिक सर्जन इथेच आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर पेशंटला वेळेत हलवण्याचा विचार पहिल्या दोन दिवसांतच करायला हवा, दहाव्या दिवशी नाही. खर्चासाठी रुग्णालयातल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कक्षात चौकशी करा. वाहन अपघात असेल, तर मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत, यादीतल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे.

एक इशारा राहिला. जखम उघडी आहे म्हणजे आतला दाब निघून गेला, असं नसतं. पोटरी दगडासारखी घट्ट झाली, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं आणि पायाची बोटं नुसती सरळ केली तरी पेशंट कळवळला, तर रात्री-अपरात्री सिस्टरला उठवा. तो दाब काही तासांत स्नायू मारतो. घरी गेल्यावर ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पुन्हा वाढलेलं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि हाड जुळेपर्यंत विडी, सिगारेट, तंबाखू, मिशरी बंद. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या पायाला गरज आहे ती रक्ताचीच.